टाइल लावण्याआधीचा हिशेब

बाथरूमच्या भिंतीवर जमिनीपासून ठरावीक उंचीपर्यंत जी टाइल लागते, तिला बांधकामात डॅडो म्हणतात. डॅडो कुठे संपवायचा, मधली बॉर्डरची पट्टी कुठे घ्यायची आणि कापलेले तुकडे कोणत्या बाजूला ठेवायचे, हे निर्णय बहुतेक घरांत टाइलवाला मिस्त्री कामाला उभा राहिल्यावर होतात. तोवर उशीर झालेला असतो. नळांचे पॉइंट भिंतीत पक्के बसलेले असतात, प्लॅस्टर वाळलेले असते आणि मिस्त्रीच्या हाती एवढेच उरते, की वाटेत जे येईल त्याच्याभोवती टाइल कापायची. हा हिशेब खरे तर प्लंबरने भिंतीला छिन्नी लावण्याआधी व्हायला हवा.

फ्लॅटमधले एक नेहमीचे छोटे बाथरूम उदाहरणाला घेता येईल. प्लॅस्टर झाल्यावर त्याची लांब भिंत 2100 मिमी आणि आखूड भिंत 1400 मिमी भरते. टाइल 600 बाय 300 मिमीची, म्हणजे दोन फूट बाय एक फूट, आणि ती आडवी लावायची आहे. दोन टाइलमधला सांधा 2 मिमीचा.

लांब भिंतीवर एका कोपऱ्यातून सुरुवात केली, तर तीन अख्ख्या टाइल बसतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात अर्ध्या टाइलचा तुकडा येतो. हे चालण्यासारखे आहे, पण भिंत एका बाजूला कलल्यासारखी दिसते. त्याऐवजी भिंतीच्या मध्यावर सांधा धरून दोन्हीकडे निघाले, तर मध्ये दोन अख्ख्या टाइल आणि दोन्ही टोकांना साधारण 450 मिमीचे सारखे तुकडे येतात. आखूड भिंतीला मात्र हीच युक्ती उलटी पडते. तिथे मध्यावर सांधा घेतला, तर दोन्ही कोपऱ्यांत जेमतेम 100 मिमीच्या पट्ट्या उरतात. म्हणून तिथे मध्यावर सांधा न घेता टाइलचा मध्य ठेवायचा, मग मधली एक अख्खी आणि दोन्हीकडे 400 मिमीचे तुकडे बसतात. एकाच खोलीतल्या दोन भिंतींची मांडणी अशी वेगवेगळी निघते. ती डोळ्यांनी ठरवता येत नाही, मोजूनच ठरवावी लागते.

बारीक पट्टी टाळण्याचे कारण केवळ दिसण्याचे नाही. कोपऱ्यातली भिंत क्वचितच ओळंब्यात असते. वरपासून खालपर्यंत 15 मिमीचा फरक असेल, तर 400 मिमीच्या तुकड्यात तो कुणाच्या लक्षात येत नाही, पण 40 मिमीची पट्टी खाली 25 मिमीची होते आणि भिंतीचा तिरकेपणा लांबूनही दिसतो. शिवाय इतकी अरुंद पट्टी कापताना तुटते. त्यामुळे शक्य तिथे अर्ध्या टाइलपेक्षा लहान तुकडा येऊ द्यायचा नाही, हा जुन्या मिस्त्रींचा नियम पक्का मानावा. मापे नेहमी भिंतीच्या मध्यापासून घ्यावीत. शेजारच्या भिंतीवर आधी टाइल लागली की तिची आणि मसाल्याची जाडी मिळून प्रत्येक कोपऱ्यातून दीडएक सेंटीमीटर जागा जाते. मध्यापासून मोजले, तर दोन्ही टोकांचे तुकडे थोडे लहान होतात, पण सारखेच राहतात.

उभ्या दिशेचा हिशेब जास्त नाजूक असतो, कारण तिथे वरची रेघ आणि खालची जमीन यांचा मेळ बसत नाही. डॅडोची वरची कड दाराच्या चौकटीच्या माथ्याशी जुळली की खोली नीटनेटकी दिसते. आपल्याकडे ही उंची बाहेरच्या फरशीपासून सात फूट, म्हणजे साधारण 2100 मिमी असते. बाथरूमची जमीन बाहेरच्यापेक्षा 30 मिमी खाली धरली, तर आत दाराजवळ डॅडोची उंची 2130 मिमी होते. तिथून जमीन नहाणी ट्रॅपकडे उतरत जाते. दर 80 मिमीला एक मिमी उतार धरला, तर दोन मीटरमध्ये जमीन आणखी 25 मिमी खाली जाते. वरची रेघ पाणसळीत, म्हणजे अगदी सपाट असते आणि खालची कड उताराची. म्हणून अख्खी टाइल नेहमी वर ठेवायची आणि कापलेली ओळ तळाशी घ्यायची. तळाची ओळ शेवटी, जमिनीची फरशी झाल्यावर, उताराप्रमाणे कापून बसवतात.

आता वरून खाली मोजत आले, की अडचण कळते. 300 मिमीच्या सात ओळी आणि त्यांचे सांधे मिळून 2112 मिमी होतात. खाली दाराजवळ 18 मिमी उरतात आणि ट्रॅपजवळ 43. म्हणजे सगळ्या भिंतींच्या तळाशी पाचरीसारखी एक पट्टी, तीही नेमकी जिथे पाणी सर्वांत जास्त साचते तिथे. ठिकठिकाणी सांधे असलेली ती पट्टी सर्वांत आधी सैल होते.

इथे बॉर्डर कामी येते. 75 मिमी रुंदीची बॉर्डरची पट्टी घेतली आणि अख्ख्या ओळी सातऐवजी सहा ठेवल्या, तर सांध्यांसह 1889 मिमी भरतात. तळाच्या ओळीला दाराजवळ 241 आणि ट्रॅपजवळ 266 मिमी उरतात. तळाची ओळ जवळजवळ अख्ख्या टाइलएवढी दिसते आणि उतार तिच्यात लपून जातो. बॉर्डर सहसा शोभेसाठी निवडली जाते. तिची रुंदी मात्र अशा हिशेबाने निवडावी, नक्षी त्यानंतर पाहावी. तिची लांबीही बघावी. 600 मिमीच्या टाइलला 300 किंवा 600 मिमीची बॉर्डर जुळते, 450 मिमीची घेतली तर तिचे सांधे टाइलच्या सांध्यांशी कुठेच नीट मिळत नाहीत. काचेची पट्टी टाइलपेक्षा पातळ असेल, तर तिच्यामागे मसाला जाड भरावा लागतो. हेही खरेदीच्या वेळीच विचारायचे.

वरून चार ओळी सोडून बॉर्डर घेतली, तर ती दाराजवळच्या जमिनीपासून 847 ते 922 मिमीच्या पट्ट्यात येते. बेसिनची कड साधारण 825 मिमीवर असते, म्हणजे बॉर्डर बेसिनच्या लगेच वरून जाते आणि आरसा तिच्यावर सुरू करता येतो. पण याच उंचीला, जमिनीपासून तीन फुटांच्या आसपास, पुष्कळ प्लंबर सवयीने नळाचा पॉइंट काढतात. तसे झाले तर नळाची गोल झाकणी बॉर्डरवरच बसते आणि शोभेची पट्टी ऐन मध्यावर फुटते.

नळ टाइलच्या कोणत्या भागात येतो, याला म्हणूनच महत्त्व आहे. टाइलच्या मध्यावर भोक पाडले तर चारही बाजूंना भरपूर टाइल उरते आणि ती टिकते. नेमक्या सांध्यावर भोक आले, तर दोन टाइलमधून अर्धा-अर्धा गोल कापावा लागतो, तोही सुबक होतो. सर्वांत वाईट जागा म्हणजे कडेपासून दोन-तीन सेंटीमीटरवरची. तिथे भोक आणि कड यांच्यामधली बारीक चिंचोळी कापतानाच उडते, किंवा नळ घट्ट करताना तिला तडा जातो. झाकणीच्या बाहेर डोकावणारी केसासारखी भेग दिसली, की कारण बहुधा हेच असते.

आखूड भिंत अंघोळीची आहे. तिथे मध्यावर टाइलचा मध्य आहे, म्हणून सगळी जोडणी त्याच उभ्या रेषेवर घ्यायची. बॉर्डरच्या खालच्या ओळीचा मध्य 695 मिमीवर येतो, तिथे बादलीवरचा नळ. खाली बादली आरामात राहते. बॉर्डरच्या वरच्या ओळीचा मध्य 1074 मिमीवर येतो, तिथे गरम-गार पाण्याचा डायव्हर्टर. सर्वांत वरच्या ओळीचा मध्य 1980 मिमीवर, तिथे शॉवरचा दांडा. एकही भोक कडेला जात नाही.

लांब भिंतीवर मध्याला सांधा आहे, तिथे बेसिनचा मध्य धरायचा. पुढचा सांधा तिथून 600 मिमीवर येतो, त्यावर कमोडचा मध्य. कोपऱ्यापासून कमोडला पुरेशी जागा मिळते आणि बेसिनलाही तो अडचणीचा होत नाही. बेसिनखालचे दोन अँगल कॉक सांध्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर घ्यायचे, मात्र उंची जपायची. नेहमीच्या 550 मिमीवर काढले, तर ते ओळीच्या खालच्या कडेवरच पडतात, कारण ती ओळ 545 मिमीला सुरू होते. तेच 620 मिमीवर घेतले तर काम सुरळीत होते.

ही सगळी मापे तयार जमिनीपासूनची आहेत आणि प्लंबर काम करतो तेव्हा तयार जमीन अस्तित्वातच नसते. तो खालच्या कच्च्या कोब्यापासून मोजतो. त्यावर पुढे वॉटरप्रूफिंग, भराव आणि फरशी चढते. कागदावर सगळे बरोबर असूनही प्रत्यक्षात पॉइंट चुकतात ते बहुधा इथेच. उपाय जुना आहे. बाहेरच्या तयार फरशीपासून एक मीटर उंचीची रेघ लेव्हल ट्यूबने सगळ्या भिंतींवर मारायची आणि प्रत्येक माप त्या रेघेपासून वर किंवा खाली द्यायचे. बादलीवरचा नळ या हिशेबाने रेघेच्या 335 मिमी खाली येतो. प्लंबरला ‘जमिनीपासून 695’ न सांगता ‘रेघेखाली 335’ सांगावे, तेही भिंतीवर खडूने लिहून.

डॅडोची उंची प्लॅस्टरवाल्यालाही आधी कळायला हवी. टाइल लागणार तिथपर्यंत प्लॅस्टर खडबडीत ठेवायचे आणि त्याच्या वर गुळगुळीत करायचे असते. वरचे प्लॅस्टर टाइल आणि मसाल्याच्या जाडीएवढे जास्त जाड धरले, तर टाइलची कड भिंतीच्या पातळीत येते. नाहीतर वर धूळ साचणारा कठडा तयार होतो.

स्वयंपाकघरात हिशेब सोपा असतो. तिथे ओट्याच्या वरच्या पातळीपासूनच मोजायचे असते. 300 मिमीच्या दोन ओळी दोन फुटांचा डॅडो पुरा करतात आणि तळाला तुकडा लागत नाही. ओटा बसल्यावरच तिथे टाइल लावायची, आणि स्विचबोर्ड वरच्या ओळीच्या मध्यावर घ्यायचे.

कागदावरचा हिशेब भिंतीवर उतरवण्यासाठी सरळ लाकडी पट्टीवर टाइल आणि सांध्यांच्या खुणा करून ती भिंतीला लावून पाहतात. खुणा करताना प्रत्यक्ष आलेल्या टाइल मोजाव्यात. पेटीवर 600 बाय 300 लिहिलेली टाइल मोजल्यावर 598 बाय 298 भरू शकते, आणि सात ओळींत दोन-दोन मिमी मिळून दीड सेंटीमीटरचा फरक पडतो. तेव्हा टाइलची निवड प्लंबिंगच्या आधी करावी, निदान एक पेटी तरी साइटवर आणावी आणि चारही भिंतींचे मापांसह काढलेले चित्र प्लंबर, गवंडी आणि टाइलवाला या तिघांना एकत्र उभे करून दाखवल्याशिवाय भिंतीत एकही खाच मारू देऊ नये.