शिफारसपत्रातला शेंगदाणा

“तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो.” फेलोशिपसाठी परदेशी अर्ज करणाऱ्या आपल्याकडच्या अनेक रेसिडेंट डॉक्टरांना कन्सल्टंटकडून हे उत्तर मिळतं. ओपीडी, राउंड आणि ऑपरेशनच्या यादीत बुडालेल्या कन्सल्टंटला दोष देणं सोपं आहे. पण नुकसान उमेदवाराचंच होतं. स्वतःबद्दल लिहायची वेळ आली की संकोचापायी कुणीही ‘मेहनती, प्रामाणिक, सर्वांशी मिळून मिसळून वागणारी’ असंच लिहितो, आणि निवड समितीपुढच्या गठ्ठ्यातल्या बहुतेक पत्रांत तेच लिहिलेलं असतं.

समितीला काय हवं असतं, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयात भूलशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असलेली रेसिडेंट कॅनडात लहान मुलांच्या भूलशास्त्राची फेलोशिप करू इच्छिते. तिच्याबद्दल ‘क्लिनिकल कौशल्य उत्कृष्ट’ एवढंच लिहिलं, तर टोरांटोत बसलेल्या वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

त्याऐवजी कन्सल्टंटने एक रात्र आठवावी. दीड वर्षाच्या मुलाच्या श्वासनलिकेत शेंगदाणा अडकलेला. तो दुर्बिणीतून काढताना कान-नाक-घसा सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही एकाच चिमुकल्या श्वासमार्गात काम करावं लागतं. या मुलीने भूल सुरू करण्याआधीच कन्सल्टंटला फोन केला. मुलाचा स्वतःचा श्वास चालू ठेवूनच भूल द्यायची, हा आपला बेत सर्जनला समजावून सांगितला. ऑक्सिजन किती खाली आला की दुर्बीण बाहेर घ्यायची, हेही आधीच ठरवून घेतलं. मध्येच ऑक्सिजन उतरला तेव्हा तिने स्पष्ट आवाजात थांबायला सांगितलं, मुलाला सावरलं आणि मग काम पुढे सुरू झालं.

हे सगळं पत्राच्या पाच-सहा वाक्यांत मावतं. फक्त मुलाची ओळख पटेल असा तपशील गाळायचा. त्यापुढचं वाक्य मात्र सगळ्यात मोलाचं, आणि नेमकं तेच बहुधा राहून जातं: कन्सल्टंट त्या वेळी शेजारी उभा होता, बाहेरच्या खोलीत होता की फोनवर? किती देखरेखीत ती काय करू शकते, हे कळलं की पहिल्या महिन्यात तिच्यावर काय सोपवायचं याचा अंदाज समितीला येतो. पत्र लिहिणारा तिला किती महिने, कोणत्या पोस्टिंगमध्ये आणि किती जवळून पाहत होता, हेही सुरुवातीलाच यायला हवं. विभागप्रमुखांच्या मोठ्या नावाखालचं मोघम पत्र घेण्यापेक्षा रोज ओटीत सोबत असलेल्या कन्सल्टंटचं नेमकं पत्र घ्यावं.

व्यावसायिक वर्तनाचा भाग याहून अवघड, कारण तिथे विशेषणांचा मोह जास्त. फेंटॅनिलच्या अँप्युलमध्ये एका मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम औषध असतं, आणि लहान मुलांसाठी ते अनेकदा दहापट पातळ करतात. एकदा पातळ न करताच भरलेली सिरिंज तिच्या लक्षात आली, तीही स्वतःच भरलेली. औषध अजून दिलेलं नव्हतं. गुपचूप फेकून दिली असती तर कुणाला कळलंही नसतं. तिने कन्सल्टंटला सांगितलं, नोंद केली आणि त्यानंतर प्रत्येक सिरिंजच्या लेबलवर औषधाची तीव्रता लिहायला लागली. ‘सचोटी’ हा शब्द न वापरताही समितीला ती इथे दिसते.

उणीवही लिहावी. नवजात बाळांच्या शस्त्रक्रियांचा तिचा अनुभव कमी असेल, तर तसं सांगितल्याने उरलेल्या स्तुतीवर विश्वास बसतो. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने तर डॉक्टरांना बजावलंच आहे की, शिफारस प्रामाणिक हवी आणि उमेदवाराच्या क्षमतेशी व वर्तनाशी संबंधित माहिती त्यातून गाळता कामा नये.

आणखी एक खोड तपासायला हवी. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातली अध्यापक पदांसाठीची तीनशेहून जास्त शिफारसपत्रं दोन संशोधकांनी तपासली आणि निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध केले. स्त्रियांची पत्रं सरासरीने आखूड निघाली आणि त्यांत शंका पेरणारी वाक्यं जास्त सापडली. वरच्या उदाहरणातली रेसिडेंट ‘प्रेमळ’ असेलही, पण ऑक्सिजन उतरताना तिने घेतलेला निर्णय त्याआधी यायला हवा.

रेसिडेंटनेही शेवटच्या आठवड्यात दार ठोठावू नये. महिना-दीड महिना आधी जावं. सोबत बायोडेटा, लॉगबुकातला सारांश, फेलोशिपची माहिती आणि एकत्र केलेल्या दोन-तीन केसेसची आठवण करून देणारं टिपण न्यावं. पत्राचा मसुदा नेऊ नये. “सर, माझ्याबद्दल चांगलं आणि सविस्तर लिहिता येईल ना?” असं थेट विचारावं. कन्सल्टंट घुटमळला, तर दुसऱ्याकडे जावं. आणि कन्सल्टंटनेही, लिहिण्यासारखं काही आठवत नसेल, तर सही करण्याऐवजी त्याच दिवशी नाही म्हणावं, म्हणजे तिला दुसरं पत्र मिळवायला वेळ उरेल.