एका बटणाचा कीबोर्ड

बाजारात शे-दोनशे रुपयांना मिळणारा ब्लूटूथ शटर रिमोट पहिल्यांदा फोनला जोडताना ब्लूटूथच्या यादीत एक नाव उमटतं: AB Shutter3, किंवा त्याच्यासारखंच काहीतरी. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्या नावाशेजारी छोटंसं चित्र दिसतं. ते चित्र कॅमेऱ्याचं नसतं, कीबोर्डचं असतं. अनेकांना वाटतं, फोनची काहीतरी गफलत झाली. पण फोन बरोबरच सांगत असतो.

या रिमोटला कॅमेरा म्हणजे काय ते ठाऊकच नाही. तो एक अगदी छोटा कीबोर्ड आहे आणि त्यावर एक-दोनच कळा आहेत. मोठं बटण दाबलं की तो फोनला कळवतो, ‘आवाज वाढवायची कळ दाबली गेली.’ बस्स, एवढंच. त्या वेळी फोनवर कॅमेरा उघडा असेल, तर कॅमेऱ्याचं ॲप या कळीचा अर्थ ‘फोटो काढ’ असा लावतं. अॅपलने 2011 साली आयओएस 5 या आवृत्तीत फोनच्या कडेचं आवाज वाढवायचं बटण फोटो काढण्यासाठी वापरू दिलं. अँड्रॉइडच्या कॅमेऱ्यांतही ती सोय आली आणि त्याच वाटेने हे स्वस्त रिमोट चालू लागले. रिमोटवर बहुधा दोन बटणं असतात, एकावर iOS आणि दुसऱ्यावर Android लिहिलेलं. आयफोनसाठीचं बटण आवाजाची कळ पाठवतं. दुसरं बटण बऱ्याच रिमोटमध्ये Enter ही कळ पाठवतं, कारण काही अँड्रॉइड कॅमेरे तिच्यावरही फोटो काढतात. एका बटणाने काम झालं नाही, तर दुसरं दाबून पाहायचं ते यासाठीच.

सेल्फी स्टिकच्या मुठीत असलेलं बटणही हेच काम करतं. जुन्या स्टिकला वायर असायची आणि ती हेडफोनच्या भोकात खुपसायची. फोनला वाटायचं, इयरफोन लावलाय आणि त्यावरचं आवाजाचं बटण कोणीतरी दाबलंय. आता अनेक फोनना ते भोकच उरलेलं नाही, म्हणून वायर गेली आणि ब्लूटूथ आलं. मुळात या काठीची कल्पना बरीच जुनी आहे. जपानच्या मिनोल्टा कंपनीतले हिरोशी उएदा युरोपात फिरायला गेले होते. लूव्र संग्रहालयापाशी त्यांनी फोटो काढण्यासाठी एका मुलाच्या हातात कॅमेरा दिला आणि तो मुलगा कॅमेरा घेऊन पळाला. पुढे त्यांनी लांब होणारी कॅमेऱ्याची काठी तयार केली. तिचं अमेरिकी पेटंट 1985 सालचं आहे.

आता जोडणीकडे वळू. रिमोट नवा असेल, तर सेलखाली पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी असते. ती आधी ओढून काढावी लागते, नाहीतर दिवाच लागत नाही. कडेचं बटण ऑन केलं की निळा दिवा भराभर लुकलुकतो. याचा अर्थ रिमोट जोडीदार शोधतोय. मग फोनच्या सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ उघडायचं, रिमोटचं नाव यादीत दिसेपर्यंत थांबायचं, त्यावर बोट ठेवायचं आणि Pair म्हणायचं. एखाद्या जुन्या रिमोटने पिन मागितलाच, तर बहुधा 0000 चालतो. लुकलुकणं थांबलं की जोडणी झाली. त्यानंतर कॅमेरा उघडून बटण दाबायचं.

इथपर्यंत बहुतेक घरांत सगळं सुरळीत होतं. घोळ होतो तो ऐन फोटोच्या वेळी.

समजा, गणपतीला गावच्या घरी अठरा माणसं जमली आहेत आणि आरतीनंतर अंगणात सगळ्यांचा एकत्र फोटो हवा आहे. पहिला मोह होतो तो काठी हातात धरून काढायचा. हात आणि काठी मिळून फोन चेहऱ्यापासून सव्वा ते दीड मीटरवर जातो. तिथून फोनला जेमतेम दोन मीटर रुंदीचं दृश्य दिसतं, म्हणजे खांद्याला खांदा लावून चार माणसं. शिवाय काठी धरणाऱ्याचा चेहरा भलामोठा येतो आणि मागची आजी कपाळापुरती दिसते. चार-पाच जणांसाठी काठी उत्तम, अठरांसाठी नाही. हल्लीच्या बऱ्याच काठ्यांच्या मुठीतून तीन पाय उलगडतात आणि बटण निघून हातात येतं. अशी काठी जमिनीवर उभी करावी आणि फोन मागच्या कॅमेऱ्याने लावावा, कारण तोच फोनचा सर्वांत चांगला कॅमेरा असतो.

किती लांब उभी करायची, याचा हिशोब सोपा आहे. फोनचा मुख्य कॅमेरा आडवा धरला, तर जितक्या अंतरावर तो असेल त्याच्या साधारण सव्वापट रुंदी फोटोत मावते. अठरा जणांच्या दोन रांगा केल्या, तर एका रांगेत नऊ माणसं. दर माणशी अर्धा मीटर धरला, तर साडेचार मीटर. म्हणजे चार मीटरवर फोन ठेवला की दोन्ही कडांना थोडी मोकळी जागाही राहते. ती हवीच, कारण अगदी कडेला आलेल्या माणसाचा चेहरा ताणलेला दिसतो. जागा कमी आहे म्हणून 0.5x ही अतिरुंद लेन्स लावली, तर हे ताणणं आणखी वाढतं. त्यापेक्षा तीन रांगा कराव्यात.

स्टँडचे पाय हलके असतात. काठी पूर्ण लांब केली, तर वाऱ्याच्या एका झुळकीने फोन जमिनीवर येतो. पाय पुरते फाकवून काठी छातीच्या उंचीपर्यंतच ठेवली, तर ती टिकते आणि पुढे बसलेल्या मुलांचे चेहरेही नीट येतात. आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. फोन धरणारा चिमटा नेमका कडेच्या बटणावर बसला, तर फोन आपोआप फोटो काढत राहतो किंवा बंदच होतो. अशा वेळी दोष रिमोटला दिला जातो. फोन थोडा सरकवून चिमटा बटणांपासून दूर आला की प्रश्न मिटतो.

आता सगळे उभे आहेत, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. इथे रिमोट म्हणजे कीबोर्ड हे लक्षात असलं, की चूक शोधणं सोपं जातं. कॅमेरा बंद करून फोनवर नोट लिहायचं ॲप उघडावं आणि रिमोटची बटणं दाबावीत. आवाजाची पट्टी हलली किंवा नवी ओळ सुरू झाली, तर जोडणी ठणठणीत आहे आणि अडचण कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये आहे. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये आवाजाच्या बटणाला काय काम द्यायचं ते आपण ठरवू शकतो: फोटो, झूम की नुसता आवाज. तिथे झूम निवडलेलं असेल, तर रिमोट दाबल्यावर फोटो निघत नाही, चित्र जवळ येऊ लागतं. सॅमसंगच्या कॅमेऱ्यात ही निवड सेटिंग्जमधल्या Shooting methods या भागात असते. दुकानातून नवं कॅमेरा ॲप उतरवलं असेल आणि ते आवाजाचं बटण मानतच नसेल, तर फोनबरोबर आलेला मूळ कॅमेरा वापरावा.

नोटमध्येही काही हललं नाही, तर जोडणीच नाही. याचं सर्वांत मोठं कारण घरातलाच दुसरा फोन असतो. असा रिमोट एका वेळी एकाच फोनशी बोलतो आणि ज्याच्याशी आधी जोडला गेला होता तो जवळ असला, तर त्याच्याकडेच धावतो. गेल्या लग्नात भाच्याच्या फोनला जोडलेला रिमोट आज भाच्याच्या खिशातल्या फोनला जाऊन मिळतो. स्टँडवरचा फोन आपला वाट पाहत राहतो. भाच्याने ब्लूटूथ बंद केलं, किंवा यादीतून रिमोटचं नाव Forget करून काढून टाकलं, की तो मोकळा होतो.

दुसरं कारण झोप. सेल वाचवण्यासाठी काही मिनिटं बटण दाबलं नाही, तर रिमोट झोपी जातो. आजोबांना खुर्ची आणून बसवेपर्यंत तेवढा वेळ जातोच. मग पहिलं बटण फक्त त्याला जागं करण्यात खर्च होतं. दोन-तीन सेकंद थांबून पुन्हा दाबायचं. पण फोनच झोपला, तर त्याला उठवणं रिमोटच्या हातात नाही. स्क्रीन बंद झाली की आवाजाच्या कळीने कॅमेरा उघडत नाही. म्हणून फोटोपूर्वी स्क्रीन बंद होण्याची वेळ दहा मिनिटांवर नेऊन ठेवावी. कॅमेरा स्वतःच बंद होतो का, तेही एकदा पाहावं.

डब्यावर लिहिलेलं दहा मीटरचं अंतर मोकळ्या जागेसाठी असतं. ब्लूटूथच्या लहरी 2.4 गिगाहर्ट्झच्या आहेत आणि माणसाचं पाणीदार शरीर त्या चांगल्याच शोषतं. मागच्या रांगेत उभं राहून पाठीमागे हात लपवून बटण दाबलं, तर मधली माणसं भिंतीसारखी आड येतात. रिमोट पुढच्या रांगेतल्या कोणाकडे द्यावा. हातातलं यंत्र फोटोत दिसायला नको असेल, तर कॅमेऱ्यात दोन-तीन सेकंदांचा टायमर लावावा. मग रिमोटने लगेच फोटो निघत नाही, आधी टायमर सुरू होतो आणि हात खाली घ्यायला वेळ मिळतो.

टायमर आहे, मग रिमोट कशाला, असं कोणी विचारेल. याचं उत्तर ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी दिलं. कोणाचेच डोळे मिटलेले नाहीत असा एक तरी फोटो जवळजवळ नक्की मिळायला किती फोटो काढावेत, याचं गणित त्यांनी मांडलं. त्यासाठी त्यांना 2006 सालचं इग नोबेल मिळालं. वीसपेक्षा कमी माणसांसाठी त्यांचा नियम असा: उजेड चांगला असेल तर माणसांच्या संख्येला तीनने भागा, उजेड कमी असेल तर दोनने. आपल्या अठरा जणांसाठी दिवसाउजेडी सहा आणि संध्याकाळी नऊ फोटो. स्टँडपाशी जाऊन टायमर लावून धावत परत यायचं, हे नऊ वेळा कोण करणार? तिसऱ्या फेरीला मुलं पांगतात आणि काकू स्वयंपाकघरात जातात. रिमोट असला, तर जागेवरून न हलता नऊ फोटो अर्ध्या मिनिटात होतात.

फोटो झाले की रिमोट कडेच्या बटणाने बंद करावा. तसं केलं नाही, तर थोड्या वेळाने कोणीतरी तक्रार घेऊन येतं की व्हॉट्सॲपवर लिहायला अक्षरंच उमटत नाहीत. फोनला खरा कीबोर्ड जोडलेला आहे असं वाटल्याने तो पडद्यावरचा कीबोर्ड लपवून ठेवतो. आयफोनवर हे हमखास होतं, काही अँड्रॉइड फोनवरही होतं. रिमोट बंद केला की अक्षरं परत येतात.

बहुतेक रिमोटमध्ये CR2032 हा नाण्याएवढा चपटा सेल असतो आणि कित्येकांचं झाकण नखानेही उघडतं. घरात रांगतं मूल असेल, तर झाकणावर चिकटपट्टी लावून रिमोट उंचावर ठेवावा. हा सेल गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत तिथे गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. त्यामुळे सेल गिळल्याचा नुसता संशय आला, तरी उलटी करवण्यात वेळ न घालवता मुलाला थेट रुग्णालयात न्यावं.