तिळाच्या लाडवात कॅल्शियम किती?

संक्रांत जवळ आली की आमच्या हॉस्टेलवर घरोघरचे लाडवाचे डबे येतात. माझी रूममेट दूध पीत नाही. "तिळात दुधापेक्षा जास्त कॅल्शियम असतं, माझं लाडवावर भागतं," असं ती म्हणते. हे कितपत खरं आहे, म्हणून मी कागद घेऊन हिशोबच मांडला.

सालीसकट 100 ग्रॅम तिळात साधारण 975 मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. तेवढ्याच दुधात 120. म्हणजे तिचं म्हणणं बरोबर. पण 100 ग्रॅम तीळ एका वेळी खातं कोण? पाव किलो तीळ आणि पाव किलो गूळ घेतला, तर 25 ग्रॅमचे वीस लाडू होतात. एका लाडवात तीळ साडेबारा ग्रॅम आणि कॅल्शियम सुमारे 120 मिलीग्रॅम. मोठ्या माणसाची रोजची गरज 1000 मिलीग्रॅम आहे.

आता खरी मेख. पोटात गेलेलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही. तिळाच्या सालीत ऑक्झलेट असतं. ते कॅल्शियमला घट्ट धरून ठेवतं आणि शरीराला घेऊ देत नाही. दुधातलं कॅल्शियम साधारण तीस टक्के शोषलं जातं. तिळातलं वीस टक्के धरू. सालीसकट तिळासाठी हा अंदाजही उदारच आहे. मग एका लाडवातून जेमतेम 24 मिलीग्रॅम मिळतं आणि 200 मिलीलीटर दुधातून 72. म्हणजे एक पेला दूध बरोबर किमान तीन लाडू!

साल काढलेले तीळ घ्यावेत, तर सालीबरोबर बहुतेक कॅल्शियमही जातं. बाजारातले एकसारखे पांढरेशुभ्र, चकचकीत तीळ म्हणजे पॉलिशचे. बिनपॉलिशचे थोडे मळकट दिसतात. कॅल्शियमसाठी तेच बरे.

तीळ भाजून भरड कुटायलाही हवेत. अख्खा तीळ नीट चावला गेला नाही, तर तसाच शरीराबाहेर पडतो. त्यामुळे अख्ख्या तिळाच्या वडीपेक्षा कुटलेल्या तिळाचा लाडू बरा. मात्र भाजल्यानं ऑक्झलेट पूर्ण जात नाही.

मग रोज तीन-चार लाडू खावेत का? एका लाडवात साधारण 115 कॅलरी आणि साडेबारा ग्रॅम गूळ असतो. तीन लाडवांत जवळजवळ 350 कॅलरी झाल्या. म्हणून मी रूममेटला दिवसाला दोन सांगितले. एक सकाळी, एक संध्याकाळी. बाकीची भर दही आणि नाचणीच्या भाकरीनं घालायची. 60 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत 200 मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. ज्यांना मुतखड्याचा त्रास झालाय, त्यांनी मात्र रोज तीळ खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

रूममेटला हिशोब पटला. तिसरा लाडू आता माझ्या वाट्याला येतो.