देवघरासाठी भूपाळी लिहिताना

देवळातली काकड आरती गर्दीसाठी असते. टाळ, घंटा, उंच पट्टीतले आवाज, सगळे तिथे शोभते. घरातली भूपाळी मात्र एकट्या माणसाच्या गळ्यातून, पहाटेच्या न उघडलेल्या आवाजात निघते. शेजारच्या खोलीत मुले झोपलेली असतात आणि देव्हाऱ्यातही, आपल्या समजुतीप्रमाणे, कुणीतरी झोपलेलेच असते. रात्री शेजारती करून आपणच त्याला निजवलेले असते. म्हणून घरच्या भूपाळीचे शब्द वेगळे लागतात. ती स्वतः लिहायची असेल तर पहिला प्रश्न कोणत्या रागात बसवायची हा नाहीच. झोपलेल्याला दचकवणार नाही असा शब्द कसा ओळखायचा, हा पहिला प्रश्न.

एक घर समोर ठेवू. डोंबिवलीतला दोन खोल्यांचा फ्लॅट, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात देव्हारा, त्यात पितळेचा रांगता बाळकृष्ण, गॅलरीत तुळशीची कुंडी. या घरासाठी सोळा मात्रांची ओळ घेऊ, आठ-आठ मात्रांचे दोन तुकडे पाडून. आठ मात्रांचा तुकडा एका श्वासात आरामात मावतो आणि संथ केरव्याच्या किंवा भजनी ठेक्याच्या एका आवर्तनात नेमका बसतो. मोजणी सोपी आहे. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, आणि पुढे जोडाक्षर आले की बहुधा आधीच्या ऱ्हस्वाच्याही दोन. बोलताना आपण ‘साखर’मधला शेवटचा ‘र’ गिळतो, पण गाताना तो पूर्ण येतो, म्हणून त्याचीही एक मात्रा धरायची.

आता पहिली ओळ. सुचायला अशी काहीतरी सुचते:

ऊठ सत्वरी, चक्रपाणि तू

हिशेब चोख आहे. ‘ऊठ सत्वरी’ आठ, ‘चक्रपाणि तू’ आठ. तरी ही ओळ पहाटे गुणगुणून पाहिली की पाठीवर थाप मारल्यासारखी वाटते. ‘सत्वरी’ या शब्दाचा अर्थच घाईचा आहे, हे एक कारण. पण खरी अडचण त्याखाली आहे. ‘सत्वरी’तल्या ‘स’ला आणि ‘चक्र’मधल्या ‘च’ला दोन मात्रा मिळतात त्या जोडाक्षरामुळे. तिथे जीभ अडते. अडलेल्या जिभेवर सूर लांबवता येत नाही, तो तुटतो. आता ही ओळ पाहा:

जाग हळू रे, बाळ मुरारी

इथेही अक्षरे दहाच आणि मात्रा सोळाच. पण ‘जा’, ‘ळू’, ‘रे’, ‘बा’, ‘रा’, ‘री’ या सगळ्या दोन मात्रा उघड्या स्वराच्या आहेत. त्यांवर हवे तितके थांबा, सूर वाहत राहतो. संथपणा येतो तो या जागांमुळे, आणि भूपाळी लिहिणाऱ्याने सगळ्यांत आधी त्याच तपासाव्यात असे मला मनापासून वाटते. लिहिलेल्या ओळीतल्या दोन मात्रांच्या अक्षरांखाली रेघ मारायची आणि बघायचे, किती स्वराने लांबली आहेत आणि किती जोडाक्षराने. अनुस्वाराची तितकी भीती नाही. ‘कुंडी’ किंवा ‘नंतर’ म्हणताना सूर नाकातून गुंजत पुढे जातो.

ध्रुपदाची दुसरी ओळ ‘मुरारी’ला जुळवून घेऊ:

आली कोमल पहाट दारी

पुढे कडवी. जुन्या भूपाळ्यांमध्ये गोकुळ असते, गाईंच्या धारा काढायच्या असतात. होनाजी बाळाच्या ज्या भूपाळीवरून व्ही. शांताराम यांनी ‘अमर भूपाळी’ हा चित्रपट काढला, तिच्यातही धेनू हंबरतात. त्या काळच्या माणसाला गोठ्यातला तो आवाज रोज पहाटे ऐकू येत होता. डोंबिवलीच्या चौथ्या मजल्यावर उसन्या गाई आणल्या की कडवे पोकळ होते. तिथे जे खरेच दिसते ते घ्यावे:

कुंडीमधली तुळस हलेना
वाराही तो अजुन उठेना

‘अजून’ असे लिहिले तर एक मात्रा वाढते, म्हणून ‘अजुन’. एवढी मोकळीक मराठी पद्यात चालत आली आहे. ‘उठेना’त ‘ठ’ आहे, पण त्याला लागून ‘ए’चा मोठा स्वर असल्याने तो टोचत नाही. या कडव्यात देवाला काहीही सांगितलेले नाही, हेही लक्षात यावे. वारासुद्धा उठलेला नाही एवढेच कळवले. ‘ऊठ’, ‘ये’, ‘पाहा’, ‘ऐक’ अशा आज्ञा एकामागून एक आल्या की भूपाळीचा गजर होतो. ध्रुपदात एकदा ‘जाग’ म्हटले की ते दर कडव्यानंतर परत येतच असते. कडव्यांना पहाटेचे वर्णन करू द्यावे.

दुसरे कडवे पुढच्या तयारीचे. भूपाळीनंतर निर्माल्य काढायचे, देवांना आंघोळ घालायची, नैवेद्य दाखवायचा. ते सगळे बाळाला सांगायचे, पण लगेच नको:

कोमट पाणी, लोणी साखर
आधी डोळे, बाकी नंतर

या दोन ओळींत क्रियापद नाही. घरातल्या मुलाला उठवताना आई असेच अर्धवट बोलते, आणि बाळकृष्णाशी ते शोभते. देव्हाऱ्यात अन्नपूर्णा असती तर ‘आई’ म्हणून हाक आली असती आणि लोणीसाखर गेली असती. पाच देवांचे पंचायतन असेल तर प्रत्येकाला एकेक कडवे देण्याचा मोह होतो. मी सांगेन की घरासाठी एक देव आणि दोन-तीन कडवी पुरेत. रोज म्हणायची गोष्ट लांबली की चार दिवसांनी वेग वाढतो, आणि सगळा संथपणा तिथेच संपतो. मागणेही इथे नको. रक्षण कर, संकट हर, हे आरतीत येतेच. नुकते डोळे उघडणाऱ्यापुढे यादी ठेवू नये.

चालीबद्दल थोडेसेच. नावामुळे पुष्कळांना वाटते की भूपाळी भूप रागातच हवी. तसा नियम नाही, आणि हिंदुस्थानी संगीतात भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा मानतात. तेच पाच स्वर, सा रे ग प ध, सकाळच्या देसकारात येतात, फक्त तिथे भर गंधाराऐवजी धैवतावर असतो. ज्यांना राग येत नाहीत त्यांनी या पाच स्वरांत, आपल्या आवाजाच्या खालच्या अर्ध्यात, जे सुचेल ते गुणगुणावे. पहाटे गळा तापलेला नसतो; तार सप्तकाकडे चढणारी ओळ ओरडल्यासारखी लागते.

लिहून झाले की कागद बाजूला ठेवून रोजच्या कामात म्हणून पाहावे: वाती वळताना, फुले निवडताना. जिथे दरवेळी अडखळायला होते किंवा नकळत वेगळाच शब्द तोंडी येतो, तिथली ओळ बदलायची. तोंडी आलेला शब्द बहुधा लिहिलेल्यापेक्षा सोपा असतो. त्याच्या मात्रा मोजाव्यात, आठात बसत असेल तर तोच ठेवावा. बसत नसेल तर चाल ओढून-ताणून त्याला सामावू नये, दुसरा शोधावा. आज ओढून म्हटलेली ती जागा महिन्याभरानंतरही तशीच ओढावी लागते.