इंचातली सूट मिलिमीटरमध्ये नेताना

अमेरिकी ड्रॉइंग रशियनमध्ये नेताना दशांशबिंदूच्या जागी स्वल्पविराम येतो आणि मापं मिलिमीटरमध्ये, एकक न लिहिता दिली जातात. खरी जोखीम आहे ती आकडे पूर्णांकित करण्यात. दांड्याचा व्यास १.२५० इंच, अधिक-उणे ०.००५ असेल, तर तो ३१,७५ मिलिमीटर, अधिक-उणे ०,१२७ होतो. सवयीनं ०,१३ लिहिलं की ३१,८८ चा दांडाही तपासणीत पास होतो. मूळ कमाल मर्यादा मात्र ३१,८७७ आहे. तीन मायक्रॉननं काय बिघडतं, असं कोणी विचारेल. पण ती मर्यादा डिझायनरनं ठरवलेली असते, अनुवादकानं ती रुंदावू नये. म्हणून ०,१२ लिहावं. सूट आवळल्यानं काम जरा महागतं हे खरं, तरी प्रत्येक दांडा मूळ मर्यादेतच राहतो.