कान दुखतो, पण दोष कानात नाही

कान दुखायला लागला की आपल्याकडे उपचारांचा क्रम ठरलेला असतो. आधी लसूण घालून कोमट केलेलं तेल, मग औषधाच्या दुकानातून आणलेले थेंब, मग कान साफ करून घेणं. त्यानंतर डॉक्टर दुर्बिणीने बघतात आणि सांगतात, ‘पडदा छान आहे, मळही नाही.’ रुग्ण म्हणतो, ‘मग दुखतं कशाला?’ दुखणं खोटं नसतं आणि तपासणीही चुकीची नसते. दुखण्याचं कारण दुसरीकडे असतं आणि जाणवतं मात्र कानात. मोठ्या माणसांत हा प्रकार दुर्मिळ नाही. बहुतेक वेळा कारण दाढेत किंवा जबड्याच्या सांध्यात सापडतं. काही वेळा ते घशात असतं, आणि आपल्या नागपुरात घशाकडे विशेष लक्ष द्यावं लागतं.

कानाला संवेदना पुरवणाऱ्या नसा एकदोन नाहीत. चेहऱ्याची, घशाची, स्वरयंत्राची आणि मानेची अशा वेगवेगळ्या नसांच्या फांद्या कानाच्या वेगवेगळ्या भागांत पोचतात. खालच्या दाढा आणि जबड्याचा सांधा यांची जी नस, तिचीच एक फांदी कानाच्या पुढच्या भागाला जाते. टॉन्सिल आणि जिभेचं मूळ, म्हणजे जिभेचा अगदी मागचा, आरशात न दिसणारा भाग, यांच्या नसेची फांदी पडद्यामागच्या पोकळीत जाते. स्वरयंत्राच्या आजूबाजूच्या घशाची नस कानाच्या नळीच्या मागच्या भिंतीला एक धागा देते. या शेवटच्या जोडणीचा पुरावा पुष्कळांच्या घरात असतो. कानात काडी फिरवली की काही जणांना ठसका लागतो, तो याच धाग्यामुळे. (कानात काडी फिरवू नये, हे वेगळं.)

या सगळ्या फांद्या मेंदूकडे जाताना वाटेत एकाच ठिकाणी येऊन मिळतात. एका घंटीला चार फ्लॅटची बटणं जोडलेली असावीत तसं हे आहे. घंटी वाजली, पण बटण कोणी दाबलं ते मेंदूला नक्की कळत नाही, आणि तो कानाचं दार उघडतो. टॉन्सिल काढलेल्या मुलांच्या आईवडिलांना हे चांगलं माहीत असतं. ऑपरेशननंतर काही दिवसांनी मूल कानाला हात लावून रडतं. ऑपरेशन घशाचं झालेलं असतं, कानाला कोणी हातही लावलेला नसतो. अशा वेळी कानात थेंब टाकून उपयोग होत नाही, कारण आग लागली आहे ती जागा दुसरी असते.

एका रुग्णाची गोष्ट सविस्तर सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पंचेचाळिशीचा हा माणूस उमरेड रोडवर मालवाहू गाडी चालवायचा. उजवा कान अडीच महिन्यांपासून दुखत होता. या काळात त्याने तीन प्रकारचे थेंब वापरले होते, दोनदा प्रतिजैविकांचा कोर्स घेतला होता आणि एकदा कान साफ करून घेतला होता. ऐकण्याची चाचणी आणि पडद्याच्या हालचालीची चाचणी दोन्ही नॉर्मल होत्या. तो आमच्याकडे आला तो खरं तर रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला. जाताजाता म्हणाला, ‘कान लय ठणकते जी, डॉक्टर साहेब. कोणाले काही दिसतच नाही.’

कानाची पाळी ओढून पाहिली, नळीच्या तोंडाशी असलेला छोटा उंचवटा दाबून पाहिला. अजिबात दुखलं नाही. नळीत सूज किंवा फोड असेल तर या दाबण्याने माणूस कळवळतो. पडदा मोत्यासारखा राखाडी आणि चकचकीत होता. म्हणजे कानाच्या बाहेर बघायचं. विचारलं, ‘भाऊ, दुखणं कशाने वाढतं?’ तो थोडा थांबून म्हणाला, ‘थुकी गिळली का कानात कळ जाते.’ पुढची दिशा या एका वाक्याने ठरली. गिळताना कान दुखतो तेव्हा घसा पाहिल्याशिवाय रुग्णाला सोडायचं नसतं. दिवसाला किती खर्रे, हे विचारल्यावर उत्तर आलं, आठ-दहा.

नागपूरकरांना खर्रा काय ते सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. भरडलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटून बनवतात तो खर्रा. पानठेल्यावर मिळतो आणि तासन्‌तास गालात राहतो. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा तोंडातून गेला नाही. ‘तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो,’ असं सांगणारेही बरेच भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे.

सुपारीचं दुसरं काम हळू चालतं. तोंडाच्या आतलं अस्तर ताठर होत जातं, त्याखाली दोऱ्यांसारखे पट्टे तयार होतात आणि तोंड कमी उघडू लागतं. १९५३ मध्ये डॉ. एस. जी. जोशी या आपल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी टाळू आणि टॉन्सिलपाशी असलेल्या कमानींच्या अशा ताठरपणाचं वर्णन केलं होतं. नेहमीचं माप म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी करून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहायची. साधारणपणे ती बसतात. या रुग्णाची दोनही जेमतेम बसली. गालाच्या आत बोट फिरवलं तर पट्टे हाताला लागत होते.

तोंड उघडत नाही म्हटल्यावर खरी अडचण सुरू होते. बॅटरी मारून घसा बघायचा, तर जिभेच्या मागचं काहीच दिसत नाही, आणि जे दिसतं ते ठीक असतं. म्हणून ‘घसा बघितला, काही नाही’ या वाक्यावर अशा रुग्णात विसंबू नये. आम्ही आधी मान चाचपली. उजव्या जबड्याच्या कोपऱ्याखाली सुपारीएवढी, टणक, न दुखणारी गाठ होती. हे त्याला माहीतच नव्हतं. मग हातमोजा घालून एक बोट जिभेवरून मागे नेलं. जिभेचं मूळ एरवी मऊ लागतं. इथे उजव्या बाजूला दगडासारखा कडक भाग लागला, आणि तो दाबताच रुग्णाने कानालाच हात लावला.

त्याच दिवशी कान-नाक-घसा विभागातल्या सहकाऱ्यांनी नाकातून लवचिक दुर्बीण घातली. नाकात सुन्न करणारं औषध लावून केलेली ही तपासणी काही मिनिटांची असते. ती नाकातून जाते म्हणून तोंड किती उघडतं याचा प्रश्नच येत नाही. जिभेच्या मुळाशी, उजवीकडे, व्रण पडलेली वाढ दिसली. तुकडा काढून तपासला, तो कर्करोग निघाला. स्कॅनमध्ये मानेतली एक गाठ सापडली, छाती स्वच्छ होती.

उपचार ठरला तो किरणोपचार आणि सोबत आठवड्याला एकदा सलाईनमधून औषध. किरणांच्या ३५ बैठका, सात आठवडे. त्याआधी त्याला दंतवैद्याकडे जावं लागलं, कारण किडलेल्या दाढा आधी काढाव्या लागतात. किरण घेतलेल्या जबड्यातून नंतर दाढ काढली तर हाड भरून येत नाही आणि सडू शकतं. रुग्णाला हे पटायला वेळ लागला. ‘दुखते कान, काढता दाढ,’ असं त्याचं म्हणणं. उपचाराच्या मधल्या आठवड्यांत तोंड आलं, गिळणं अवघड झालं, वजन उतरलं, पण कानाचं ठणकणं कमी होत गेलं. आज तो तपासणीला येतो. रोज तोंड उघडण्याचा व्यायाम करतो, आणि खर्रा सुटला आहे. पुढची काही वर्षं त्याच्यावर लक्ष ठेवावं लागेल.

हे वाचून कान दुखणाऱ्या प्रत्येकाने घाबरायचं कारण नाही. दाढेचं दुखणं बहुतेक वेळा स्वतःच सांगतं. थंड पाण्याने कळ जाते, त्या बाजूने चावलं की दुखतं, रात्री आडवं झालं की वाढतं. खालची किडलेली दाढ किंवा अर्धवट आलेली अक्कलदाढ यात सापडते. दाढ चमच्याच्या दांड्याने हलकेच ठोकून पाहिली तर ती जागेवर दुखते आणि कळ कानापर्यंत जाते. शंका राहिलीच तर दंतवैद्य त्या दाढेपुरतं सुन्न करणारं इंजेक्शन देऊन बघतात. कान लगेच शांत झाला, तर गुन्हेगार सापडला.

जबड्याच्या सांध्याचं दुखणं कानाच्या अगदी समोर असतं. दोन्ही बोटं कानांपुढे ठेवून तोंड उघड-मीट केलं की कटकट जाणवते, कधी जबडा एका बाजूला सरकतो. रात्री झोपेत दात खाणाऱ्यांना सकाळी उठताना जास्त दुखतं. दिवसभर सुपारी चघळणाऱ्यांचा सांधा आणि चावण्याचे स्नायूही थकतात, त्यामुळे खर्रा खाणाऱ्याचा कान दुखतो तेव्हा कारण या सांध्यातही असू शकतं. काही आठवडे मऊ जेवण, कोमट शेक, जांभई देताना हनुवटीखाली हात आणि गरज पडल्यास दातांवर बसवायची पट्टी, एवढ्यावर बहुतेकांना आराम पडतो. चार-सहा आठवड्यांत फरक पडला नाही, तर निदान पुन्हा तपासायला हवं.

फिजिशियन म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो, जी क्वचितच घडते. चालताना किंवा जिना चढताना कान किंवा जबडा दुखतो आणि थांबलं की थांबतो, असं असेल तर ईसीजी काढून घ्या. हृदयाचं दुखणंही कधी कधी वर येतं.

घशासाठी मात्र थांबू नये. एकाच बाजूचा कान दोन-तीन आठवड्यांहून अधिक दुखतो, तपासणीत कान नॉर्मल आहे, आणि सोबत गिळताना कळ, आवाजात बदल, मानेत गाठ, थुंकीत रक्त किंवा तोंड कमी उघडणं यांपैकी काहीही आहे, तर नाकातून दुर्बिणीची तपासणी मागून घ्यावी. खर्रा, सुपारी, बिडी, सिगारेट किंवा दारू असेल, तर यांतलं एकही लक्षण नसतानाही मागावी. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही ठिकाणी कान-नाक-घसा विभाग आहे. दाढ किंवा जबड्याची शंका असेल तर शासकीय दंत रुग्णालय मेडिकलच्याच आवारात आहे. ओपीडीत गेल्यावर ‘कान दुखतो’ एवढंच न सांगता ‘कान दुखतो, पण कानात काही निघालं नाही’ असं सांगावं, आणि खर्रा खात असाल तर तेही त्याच वेळी. आधीच्या चाचण्यांचे कागद सोबत न्या, म्हणजे पुन्हा कानापासून सुरुवात होणार नाही.