उत्तरपत्रिकेवरून कालव्ययाचे अनुमान

परीक्षार्थ्यास स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली मान्य केले. यवतमाळ जिल्ह्यातील बारावीच्या विद्यार्थ्यास अमरावती विभागीय मंडळाकडून तिची छायाप्रत मागविता येते. तीवरून वेळ कोठे गेला, हे कसे ओळखावे याचा विचार येथे केला आहे.

कोऱ्या राहिलेल्या प्रश्नांचे दोन प्रकार आहेत. पुढची उत्तरे लिहिली असून मधला प्रश्न वगळला असेल, तर तो ‘गाळलेला’. त्याच्यापुढे काहीच लिहिलेले नसेल, तर तो ‘न गाठलेला’ होय. पहिला बहुधा अज्ञान सुचवितो, दुसरा वेळेची टंचाई. मात्र आपल्याकडे प्रश्न कोणत्याही क्रमाने सोडविता येत असल्यामुळे हा भेद प्रश्नक्रमांकावरून न करता लेखनाच्या क्रमावरून करावा लागतो. विकल्पात सोडलेले प्रश्न अर्थातच जमेस धरू नयेत.

एक कल्पित उदाहरण घेऊ. प्रश्नपत्रिका 80 गुणांची, वेळ 180 मिनिटे. म्हणजे दर गुणास सव्वादोन मिनिटे. लिहिलेली पाने 20, म्हणजे पानास सरासरी 9 मिनिटे. विद्यार्थ्याने प्रथम 8 गुणांचा दीर्घोत्तरी प्रश्न 6 पानांत लिहिला आणि 6 गुण मिळविले. पुढील 44 गुणांचे प्रश्न 11 पानांत झाले. तेथे 33 गुण मिळाले. त्यांच्यामध्ये 4 गुणांच्या एका प्रश्नासाठी जागा राखून ठेविलेली आहे, पण ती रिकामीच आहे. शेवटी 16 गुणांच्या टिपा 3 पानांत उरकल्या, गुण 6. राहिलेल्या 8 गुणांना हातच लागला नाही.

आता हिशोब पाहावा. पहिल्या प्रश्नास 18 मिनिटे पुरेशी असता 54 खर्ची पडली. 36 मिनिटे अधिक. ती टिपांतून 9, राखीव जागेच्या प्रश्नातून 9 आणि न गाठलेल्या प्रश्नांतून 18 अशी वजा झाली. नुकसान शेवटी दिसते, पण त्याचे मूळ आरंभी आहे. मधल्या भागाची गती मात्र नेमकी प्रमाणशीर आहे.

घाईच्या खुणाही पाहाव्यात: अक्षर सैल होणे, आकृतीस नावे नसणे, गणितातील पायऱ्या गाळणे, अपुरे वाक्य. अक्षर सैल झाल्यास पाने फसवितात, म्हणून तेथे शब्द मोजावेत. शिवाय विचारात गेलेला वेळ कागदावर उमटत नाही. गणितात चार ओळींमागे अर्धा तास असू शकतो. म्हणून पानांचा हिशोब वर्णनात्मक विषयांतच विश्वसनीय ठरतो.

अखेरचा निर्णय फेरचाचणीने करावा. त्याच टिपा वेळेचे बंधन न घालता लिहावयास द्याव्यात. 6 चे 12 गुण झाले, तर दोष बव्हंशी वेळेच्या वाटपाचा. 6 च राहिले, तर अभ्यासाचा. मध्यंतरी त्या विषयाचा अभ्यास झाला असेल, तर मात्र ही कसोटी लागू पडत नाही. म्हणून ती महाविद्यालयातील सराव परीक्षेनंतर, उत्तरपत्रिका परत देण्यापूर्वीच घेणे इष्ट.